मऊ टाचेचा मोह

ते बूट मी पाऊण वर्ष जपून वापरले होते. म्हणून घोटा मुरगळला तेव्हा मी फरशीला दोष दिला, पास देणाऱ्या मुलीला दोष दिला, स्वतःच्या नशिबालाही दिला. बुटांना मात्र दिला नाही. खरी चूक पायात होती. ती मी पैसे मोजून घेतली होती आणि सरांनी टोकल्यावरही पायातच ठेवली होती.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. व्हॉलीबॉलच्या संघात मधली ब्लॉकर. आमच्याकडे एक लाल मातीचं मैदान होतं आणि शेजारी सिमेंटचं. पावसाळा सोडला तर सराव मातीवर, पावसाळ्यात सिमेंटवर. लाकडी फरशीचं मैदान आम्हाला वर्षातून दोनदा मिळायचं, स्पर्धेला पुण्याला गेलो की. त्या वर्षी पावसाळाभर सिमेंटवर उड्या मारून माझा उजवा गुडघा वाटीच्या खाली दुखायला लागला होता. टाचाही ठणकायच्या. मला वाटलं, उपाय सोपा आहे, जाड आणि मऊ टाचेचे बूट घ्यायचे.

दुकानात मी पायात घातले ते पळायचे बूट. टाचेखाली चांगला दोन बोटं जाड फोम, अंगठ्याने दाबला की आत जायचा. दुकानातच दोन उड्या मारून पाहिल्या. सिमेंटवर खाली आल्यावर टाचेला जो दणका बसायचा, तो जाणवलाच नाही. बत्तीसशे रुपये दिले. दुसऱ्या दिवशी सरांनी बूट हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "अगं, हे पुढं पळायला केलेले बूट आहेत. तू तर दिवसभर आडवी पळतेस." मी म्हटलं, "सर, पण टाचेला लागत नाही ना." ते पुढे काही बोलले नाहीत. मी ती त्यांची संमती समजले.

आणि मातीवर खरंच काही झालं नाही. हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण माझी फसगत तिथेच झाली. मातीवर आडवं खाली आलं की बूट चार बोटं सरकतो. शरीराचा आडवा वेग त्या सरकण्यात जिरतो, घोट्यापर्यंत पोचत नाही. मी समजत होते बूट चांगले आहेत. प्रत्यक्षात माती मला सांभाळून घेत होती.

पुण्यातल्या स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात ते झालं. समोरच्या सेटरने चेंडू त्यांच्या डाव्या बाजूला, म्हणजे माझ्या उजवीकडे, लांब दिला. मी नेटला समांतर दोन मोठी पावलं टाकून उडी घेतली. पोचायला अर्धं पाऊल उशीर झाला होता, त्यामुळे हवेत असतानाही अंग उजवीकडे जातच होतं. खाली आले ती एका पायावर, उजव्या, आणि तेही पावलाच्या बाहेरच्या कडेवर. लाकूड स्वच्छ आणि कोरडं होतं. बूट जागच्या जागी थांबला, एक बोटभरही सरकला नाही. अंग मात्र थांबलं नाही. फोमची बाहेरची कड आधी दबली, पाऊल त्या उतारावर कललं, तळवा आतल्या बाजूला वळला आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडाखाली काहीतरी ताणून सुटल्यासारखं वाटलं. आजूबाजूला कुणाचाच पाय नव्हता. मी स्वतःच्याच बुटावरून पडले होते.

एक्स-रेमध्ये हाड शाबूत होतं, पण घोट्याच्या बाहेरचा अस्थिबंध फाटला होता. संध्याकाळपर्यंत घोट्याचा आकार ओळखू येईना. खोलीतल्या मैत्रिणीने मायेने तेल लावून चोळून दिलं आणि मी चोळू दिलं. सुजलेला घोटा पहिल्या दिवशी चोळायचा नसतो, हे मला दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमकडून कळलं.

त्याच मॅडमनी मला बूट आणायला सांगितले. टेबलावर जोडी मागची बाजू माझ्याकडे करून ठेवली आणि म्हणाल्या, "आता तूच बघ." उजव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूला कललेली होती. फोमवर बाहेरच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या, आतल्या कडेला एकही नव्हती. पाऊण वर्षात मी तो मऊपणा एकाच बाजूने दाबून टाकला होता आणि रोज त्या उतारावर उभी राहत होते. मग त्यांनी सुखतळा बाहेर काढला, जमिनीवर ठेवला आणि त्यावर उभं राहायला सांगितलं. माझ्या चवड्याची बाहेरची कड सुखतळ्याच्या बाहेर जात होती. म्हणजे आडवं थांबताना माझं पाऊल तळावर नव्हतंच, बुटाच्या पातळ जाळीदार कापडावर रेलत होतं.

तिथे मला हा व्यवहार पहिल्यांदा उमगला. टाचेखाली जाडी वाढली की दणका कमी होतो, पण पाऊल जमिनीपासून वर जातं. जितकं वर, तितकं कलंडणं सोपं. पुढे पळणाऱ्या माणसाला त्याने फारसं बिघडत नाही, कारण तो एका रेषेत जातो. मधल्या ब्लॉकरचं तसं नसतं. तिला पाऊल जमिनीजवळ हवं असतं, तळ चवड्याखाली रुंद हवा असतो, टाचेभोवतीचा कप कडक हवा असतो. मऊपणा हवाच, पण या तिन्हींना धक्का न लावता मिळेल तेवढाच.

गुडघ्याबद्दलही माझा समज चुकीचा निघाला. मॅडमनी माझ्या उड्यांचा मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ हळू करून दाखवला. मी जवळजवळ ताठ गुडघ्यांनी, दोन्ही टाचा एकदम आपटत खाली येत होते. चवडा आधी, मग टाच, गुडघा आणि कंबर वाकवत आवाज न करता उतरायला शिकायला मला दोन महिने लागले. फोम टाचेचा ठणका कमी करतो, पण उडी मारताना आणि उतरताना वाटीखालच्या स्नायूबंधावर येणारा ताण बूट फारसा कमी करू शकत नाही. तो उड्यांची संख्या आणि उतरण्याची पद्धत बदलल्यावरच कमी झाला.

इथे चुका संपल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहा आठवड्यांनी परतताना मी गम सोलचे बूट घेतले. आमच्या गावात व्हॉलीबॉलचे म्हणून बूट मिळत नव्हते, म्हणून बॅडमिंटनचे घेतले. ही निवड वाईट नव्हती. आपल्याकडे अनेक खेळाडू तेच वापरतात. तळ गमचा, उंची कमी, आडवा आधार चांगला. टाचेला फोम बेताचाच असतो, एवढी त्याची मर्यादा. चूक पुढची होती. माझ्याकडे तेवढी एकच जोडी होती, म्हणून मी ती हॉस्टेलपासून पायात घालून निघायचे, डांबरावरून चालायचे आणि सिमेंटच्या मैदानावर सराव करायचे.

गम सोल पकडतो कसा, हे तेव्हा माहीत असतं तर मी हे केलं नसतं. तो तपकिरी रबर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. गुळगुळीत लाकडावर तो जरासा दबून चिकटून बसतो आणि त्यावरच पकड अवलंबून असते. नवा असताना स्वच्छ फरशीवर वळलं की चिर्र आवाज येतो, तो याच चिकटण्याचा. सिमेंट त्या मऊ थराची झीज करतं, नक्षीच्या कडा गोल करतं आणि बारीक कच रबरात रुतवतं. रुतलेली कच आणि लाकूड एकमेकांना टेकतात, रबर टेकतच नाही.

पुढच्या स्पर्धेत स्मॅशसाठी धावत येऊन शेवटून दुसरं पाऊल, ज्यावर सगळा वेग अडवायचा असतो, ते टाकलं आणि पाय पुढे निघून गेला. मी माकडहाडावर बसले. पंचांना मी सांगितलं की फरशी घसरडी आहे. त्यांनी फरशी पुसून घेतली. दोन रॅलींनंतर पुन्हा तेच झालं. मैदानावरच्या बाकीच्या अकरा जणींपैकी कुणीच घसरत नव्हतं, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. सेट संपल्यावर कप्तानने तिचा बूट माझ्या बुटाशेजारी उलटा धरला. तिच्या तळावर नख रुतत होतं, माझ्या तळावर निसटत होतं. चवड्याखालचा भाग काचेसारखा चकचकीत झाला होता. ओल्या टॉवेलवर बूट घासून उरलेला सामना काढला. घरी आल्यावर बारीक सँडपेपरने वरचा थर खरवडला, त्याने थोडी पकड परत आली. एकीने थिनर लावायला सुचवलं होतं, ते केलं नाही हे बरं झालं, कारण त्याने रबरच खराब होतो.

तेव्हापासून लाकडावरचे बूट पिशवीतून येतात आणि पिशवीतून जातात. मैदानाच्या कडेला बसून घालायचे, तिथेच काढायचे, सेटच्या आधी तळ ओल्या फडक्याने पुसायचा. पिशवी गाडीत उन्हात ठेवायची नाही, उष्णतेने गम न वापरताही कडक होतो.

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून मॅडमनी मला खेळताना लेस आणि पट्टे असलेला घोट्याचा ब्रेस घालायला लावला, सोबत एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम रोज. ब्रेससाठी जागा हवी म्हणून पुढची जोडी मी सरळ एक नंबर मोठी घेतली. तीही चूकच. पाऊल आत पुढेमागे सरकायला लागलं, आणि आत सरकणाऱ्या पावलाला बाहेरची कुठलीच पकड उपयोगाची नसते. आता मी दुकानात मोजे आणि ब्रेस घेऊनच जाते, संध्याकाळी, दिवसभर चालून पाऊल थोडं पसरलेलं असताना. सुखतळा काढून त्यावर उभी राहते. टाचेचा कप अंगठ्याने दाबून पाहते. बूट दोन्ही टोकांना धरून वाकवते. तो चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध वाकला तर ठेवून देते.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या सामन्यात ब्लॉक करून खाली येताना माझा पाय समोरच्या हल्लेखोर मुलीच्या पावलावर पडला. तिचं अर्धं पाऊल मधल्या रेषेच्या आमच्या बाजूला आलं होतं. पावलाचा काही भाग रेषेवर किंवा रेषेच्या वर असला तर नियमाने ते चालतं, म्हणून पंचांनी शिट्टी दिली नाही. नेटजवळ घोटे बहुतेक असेच मुरगळतात आणि दुसऱ्याच्या पावलावर उतरल्यावर कुठलाही तळ, गमचा असो की कसलाही, काही करू शकत नाही. घोटा वळला, ब्रेसच्या पट्ट्याला जाऊन अडला आणि मी बाजूला बसले. बर्फ लावला. सूज आली ती लिंबाएवढी, आणि आठव्या दिवशी मी त्याच बुटांत सरावाला उभी होते.