बदलीत बदलणारं एक पुस्तक

1978 च्या दिवाळीनंतर वडिलांची साताऱ्याहून भंडाऱ्याला बदली झाली. ते पाटबंधारे खात्यात होते आणि मी तिसरीत. सामान ट्रकमध्ये चढलं, पण माझं दप्तर आईनं स्वतःजवळ ठेवलं, कारण त्यात शाळा सोडल्याचा दाखला होता. तेव्हा दाखला नसला की नवी शाळा दारातूनच परत पाठवायची.

भंडाऱ्याच्या वर्गात पहिल्या दिवशी शेजारच्या मुलानं मराठीचं पुस्तक उघडलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तेच पुस्तक, तीच चित्रं. गणितात तो वर्ग माझ्या दोन धडे पुढे होता, एवढंच. आठशे किलोमीटर दूर आलो, बोलण्याची ढब बदलली, जेवणात भाकरीऐवजी भात आला. पण बालभारतीचं पुस्तक माझ्याबरोबर आलं होतं.

एक पुस्तक मात्र चाललं नाही. तिसरीला भूगोल जिल्ह्याचा असे आणि प्रत्येक जिल्ह्याचं पुस्तक वेगळं असे. कृष्णा-कोयना पाठ करून मी आलो होतो. इथे वैनगंगा होती, तलाव होते, धानाची शेती होती. गुरुजींनी जुनं पुस्तक मिळवून दिलं आणि महिनाभर शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. ‘तलाव बघून ये, मग धडा वाच,’ असं ते म्हणायचे. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास आला, तेव्हा वर्गात प्रतापगड पाहिलेला मी एकटाच होतो. त्या दिवशी गुरुजींनी मला वर्गापुढे उभं करून गड सांगायला लावला.

पुढच्या आमच्या सगळ्या बदल्या मे महिन्यातल्या. त्यातही एक सोय होती, जी आता आठवली की तिचं मोल कळतं. राज्याच्या शाळा जूनमध्ये उघडतात, विदर्भात उन्हामुळे आणखी थोड्या उशिरा. ऑर्डर मे महिन्यात आली तरी नव्या गावात पहिल्या दिवसापासून बसता यायचं.

ही सगळी सोय राज्याच्या सीमेपर्यंतच होती. माझ्या वर्गातल्या एका मित्राचे वडील रेल्वेत होते. त्यांना मध्य प्रदेशात जावं लागलं आणि तिथे जवळ केंद्रीय विद्यालय नव्हतं. तो आजीकडे राहिला. दर शनिवारी आंतरदेशीय पत्र लिहायचा. त्याचं पुस्तक बदललं नाही, पण त्याला आईवडिलांना सोडावं लागलं.

माझे जावई राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत, म्हणून नातीला पुण्यात पहिलीपासून सीबीएसईला घातलं. मला तेव्हा ते रुचलं नव्हतं. ती सहावीत असताना जूनमध्ये हैदराबादची ऑर्डर आली. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे दोन महिन्यांचा अभ्यास जुन्या शाळेत होऊन गेला होता. नव्या शाळेत गणित आणि विज्ञानाची एनसीईआरटीची पुस्तकं तीच, फक्त धड्यांचा क्रम शिक्षकांनी फिरवला होता. लेकीनं दोन्ही शाळांच्या वह्या शेजारी ठेवून कोणते धडे राहिले ते पाहिलं, दोनच निघाले. दाखला पुण्याहून यायला उशीर झाला, पण प्रवेश अडला नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. आईनं छातीशी धरलेलं ते दप्तर मला तेव्हा आठवलं.

पण इथेही एक पुस्तक बदललंच. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं सीबीएसईच्या शाळांतही मराठी सक्तीची झाली, तशी तेलंगणात 2018 च्या कायद्यानं तेलुगू. मराठीच्या तासाच्या जागी तेलुगू आली. वर्गातली मुलं ती घरी बोलत होती; हिला अक्षरंही नवी. पहिल्या चाचणीत ती कोरा कागद देऊन आली आणि दोन दिवस जेवली नाही. माझ्या जिल्ह्याच्या भूगोलासारखा महिन्याभरात भरून निघणारा हा खड्डा नव्हता. तिला वर्ष लागलं.

आता लेक-जावई पुढची बदली नववीच्या आधी मागताहेत, आणि ते मला पटतं. सीबीएसई नववी-दहावीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा सलग धरते आणि नोंदणी नववीतच होते. मंडळ तेच असेल तर बदलीचे कागद दाखवून दहावीत शाळा बदलता येते. पण राज्य मंडळातून तिकडे किंवा तिकडून इकडे उडी मारायची असेल, तर ती नववीच्या आधीच मारावी. ज्यांची नोकरी राज्य सरकारची आहे, त्यांना मी आजही राज्य मंडळच सांगतो. ज्यांना सीमा ओलांडायची आहे, त्यांनी मुलाला आजीकडे ठेवण्यापेक्षा केंद्रीय मंडळ बरं.

नातीचं सहावीचं मराठीचं पुस्तक अर्ध्यावर राहिलं होतं. मे महिन्यात ती आली की आम्ही उरलेले धडे वाचतो. गेल्या सुट्टीत तिनं त्याच पुस्तकाच्या पहिल्या पानावर, मराठीतल्या नावाखाली, आपलं नाव तेलुगूत लिहिलं आणि एकेक अक्षर मला वाचून दाखवलं.