अनुभवाचा रिकामा रकाना

लिंक्डइनवर स्वतःचे पान तयार करताना 'Experience' हा रकाना समोर येतो आणि पदवीच्या अखेरच्या वर्षातील आपला हात तेथेच थबकतो. नोकरी केलेली नाही, मग लिहावयाचे काय? मी सांगतो, तो रकाना खुशाल रिकामा ठेवावा. आपले बळ 'Projects' या विभागात आहे.

आमच्या सोलापुरातील एका विद्यार्थिनीचे पान पाहू. घर पूर्व भागातले, यंत्रमाग कामगाराचे. घरात तेलुगू, शिक्षण मराठीतून. मराठीच्या प्रकल्पासाठी तिने मागावरचे शब्द जमवले होते. पानावर तिने प्रथम लिहिले, 'यंत्रमाग कामगारांच्या भाषेचा सखोल अभ्यास.' 'सखोल' हे विशेषण आपणच आपल्याला दिलेले; त्यावरून परक्या वाचकाला काय कळावे? मग तिने ते असे बदलले : 'अकरा कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून लिहून काढल्या, ताणा, बाणा, धोटा, कांडी अशा १४० शब्दांचा तेलुगू-मराठी तक्ता केला.' सोबत तक्त्याचा दुवा जोडला. ध्वनिफिती मात्र जोडल्या नाहीत, कारण कामगारांनी संमती दिली होती ती केवळ अभ्यासापुरती.

कौशल्यांच्या यादीत तिने आरंभी नेतृत्व, संवाद, संघभावना असे बरेच काही भरले होते. मी एवढेच विचारले, हे कोणत्या कामात दिसते? ज्यांना उत्तर नव्हते ते शब्द गेले. मुलाखत घेणे, ध्वनिफितीवरून लेखन, तेलुगू-मराठी अनुवाद आणि युनिकोडमधील मराठी टंकलेखन एवढी चारच उरली. प्रकल्पाची नोंद करतानाच ही कौशल्ये तिला जोडता येतात, म्हणजे वाचक शब्दावरून पुराव्यापर्यंत पोचतो. नावाखालच्या ओळीतही 'विद्यार्थिनी' एवढेच न ठेवता तिने अनुवाद आणि मुलाखत-लेखन यांचा उल्लेख केला. माणसे शोधणारे अशाच शब्दांनी शोधतात.

राहिला प्रश्न 'Endorse' या कळीचा. ती केवळ आपल्या थेट परिचयवर्तुळातील व्यक्तीला दाबता येते आणि तिला एक क्षण पुरतो. म्हणूनच 'तू माझे कर, मी तुझे करतो' असा लग्नातल्या आहेरासारखा व्यवहार वर्गावर्गांत चालतो. जिने आपले काम कधी पाहिले नाही अशा मैत्रिणीच्या दुजोऱ्याला फारसे वजन नसते. या विद्यार्थिनीने दोघांनाच विनंती केली : मुलाखतींना सोबत असलेल्या वर्गमित्राला आणि तक्ता तपासणाऱ्या मार्गदर्शकांना. मार्गदर्शकांकडे तिने 'Recommendation', म्हणजे लेखी शिफारसही मागितली. तीत मजकूर लिहावा लागतो, म्हणून तिचे मोल अधिक. विनंती करताना तिने लिहिले, 'सर, तक्त्यातील उच्चारांच्या नोंदी आपण दोनदा तपासल्या होत्या. त्या कामाविषयी तीन-चार ओळी लिहाल का?' सरांनी लिहिले ते नेमके त्या उच्चारांविषयीच, आणि पहिल्या तपासणीत सापडलेल्या चुका तिने कशा दुरुस्त केल्या, त्याविषयी.