उत्तर देऊ का?

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. माझ्या भाचीचा व्हॉट्सॲपवर संदेश आला. एक स्क्रीनशॉट आणि त्याखाली तीन शब्द : ‘उत्तर देऊ का?’ ना ख्यालीखुशाली, ना पार्श्वभूमी. असे संदेश तुम्हांलाही येत असतील, कदाचित तुम्हीही पाठवले असतील. विचारणाऱ्याचे बोट तेव्हा कळफलकावर टेकलेले असते आणि आपल्याकडून त्याला बहुधा फक्त होकार हवा असतो.

माझी भाची सातारा जिल्ह्यातील एका गावात महिला बचत गटाची सचिव आहे. गटात बारा जणी असून प्रत्येकीची बचत दरमहा 200 रुपये. तिने पाठवलेली पोस्ट गावाच्या फेसबुक समूहातली होती. गावातल्याच एका ओळखीच्या गृहस्थांनी लिहिले होते : ‘हल्ली बचत कोणाची आणि दागिने कोणाचे, हेच कळेनासे झाले आहे.’ शेवटी जोडलेले हात. पंधरा दिवसांपूर्वीच भाचीच्या मुलीचा साखरपुडा झाला होता. बाण कोणावर सुटला, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

माझी पहिली प्रतिक्रिया ‘सोडून दे’ अशी होती. ती मी लिहिलीही, परंतु पाठवली नाही. कारण त्या सल्ल्यात माझी सुटका होती, तिची नव्हती. उद्या सकाळी दळण आणायला तिला त्याच गावात बाहेर पडायचे होते. म्हणून मी उलट विचारले, ‘या चित्राच्या वर आणि खाली काय आहे?’

मित्रहो, स्क्रीनशॉट हा पुरावा वाटतो. पण मुळात तो कापलेला तुकडा असतो. ज्याला जे लागले, तेवढेच तो कापून पाठवतो. भाचीने पूर्ण पान पाठवले, तेव्हा पोस्टखाली तीन प्रतिक्रिया दिसल्या. दोन नुसत्या हसऱ्या चेहऱ्यांच्या होत्या. तिसरी गटातल्याच एका सभासद बाईची होती : ‘कोणत्या गटाबद्दल म्हणताय?’ भाचीच्या रागाने ही ओळ कापून टाकली होती. माझ्या मते त्या पानावरची सर्वांत महत्त्वाची ओळ तीच होती. टोमणा मारणाऱ्याला उत्तर नको होते. या बाईला मात्र ते हवे होते.

तोवर भाचीने मसुदा पाठवला : ‘नाव घेऊन बोलायची हिंमत नाही का? आधी तुमच्या भावाने सोसायटीचे कर्ज कसे बुडवले ते सांगा.’ दोनच वाक्ये. पण प्रत्येक वाक्य काय करते ते पाहा. पहिले वाक्य त्या गृहस्थांना नाव घेण्याचे आव्हान देते. त्यांनी ते स्वीकारले, तर आजवर मोघम असलेला टोमणा उघड आरोप होतो. दुसरे वाक्य पोस्टशी संबंध नसलेल्या तिसऱ्याच माणसाला भांडणात ओढते. शिवाय नाव ओळखू येईल असा आरोप चारचौघांत करणे म्हणजे बदनामीच्या खटल्याला आपणच दार उघडून देणे. मग हिशेबाचा मुद्दा बाजूला पडतो आणि दोन घरांचे वैर पुढे येते. भांडण वाढले हे ओळखण्याची खूण हीच, की मूळ विषयाचा शब्द संभाषणातून नाहीसा होतो.

थोड्या वेळाने तिने सौम्य मसुदा लिहिला : ‘आमच्या गटाचे हिशेब स्वच्छ आहेत.’ सूर शांत, शब्द सभ्य. तरीही तो मला अधिक धोक्याचा वाटला. पोस्टमध्ये गटाचे नाव नव्हते. हे वाक्य लिहिताच टोपी आपणहून डोक्यावर चढली असती. ज्यांना विषय ठाऊकच नव्हता, त्यांनाही तो समजला असता. कारण नवी प्रतिक्रिया आली की जुनी पोस्ट पुष्कळदा पुन्हा वर येते. आणि ‘स्वच्छ’ हे विशेषण आहे, पुरावा नव्हे.

मी तिला विचारले, ‘तुझे उत्तर नेमके कोणी वाचावे असे तुला वाटते?’ बराच वेळ पडदा रिकामा राहिला. मग उत्तर आले, ‘आमच्या अकरा जणींनी.’ प्रश्न तिथेच सुटायला लागला. अकरा जणींना सांगायचे, तर साऱ्या गावासमोर बोलण्याचे कारण काय? त्यांचा स्वतंत्र व्हॉट्सॲप समूह होताच. तिथे पाठवायचा संदेश आम्ही मिळून लिहिला : ‘नमस्कार. रविवारी दुपारी 4 वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. मागील सहा महिन्यांची रोख वही आणि बँकेचे पासबुक सर्वांना पाहण्यासाठी ठेवीन. प्रत्येकीने आपले पासबुक सोबत आणावे.’ पोस्टचा उल्लेख नाही, खुलासा नाही, दुखावल्याची छटा नाही. प्रश्न विचारणाऱ्या बाईंना मात्र तिने सकाळी फोन केला आणि म्हणाली, ‘काकू, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. रविवारी जरा लवकर या.’

शनिवारी संध्याकाळी मला पुन्हा फोन आला. आवाज उतरला होता. वह्या जुळवताना ऑगस्टच्या रोख वहीत 2400 ऐवजी 2000 रुपयेच लिहिलेले आढळले होते. दोघींनी उशिरा दिलेले 400 रुपये तिने थेट बँकेत भरले होते. त्यांच्या पासबुकांत नोंद केली, पण रोख वहीत करायची राहिली. पैसे बँकेत सुखरूप होते. चूक लेखणीची होती. तरीही त्या रात्री ‘स्वच्छ’ हा शब्द साऱ्या गावासमोर गेला असता, तर पुढे ही नोंद कशी वाचली गेली असती, याची कल्पना तुम्ही करू शकता. मागाहून प्रतिक्रिया पुसता आली असती. परंतु कोणीतरी तिचाही स्क्रीनशॉट काढून ठेवलाच असता.

तिने जुना आकडा खोडला नाही. चूक सापडली त्या दिवसाच्या तारखेने दुरुस्तीची नोंद केली, बैठकीत आपणहून सांगितली आणि इतिवृत्तात लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या. नऊ जणी आल्या होत्या. काकूंनी वही स्वतः चाळली.

सारे गोड झाले असे मात्र नाही. ती पोस्ट अजून तिथेच आहे आणि गावात काहीजण तीच खरी मानतात. न बोलण्याचीही किंमत असते, आणि ती भाचीने मोजली. त्या गृहस्थांनी उद्या गटाचे नाव घेऊन लिहिले, तर तिथेच उत्तर द्यावे लागेल, कारण तेव्हा मौन कबुलीसारखे वाचले जाईल. ते उत्तरही आम्ही ठरवून ठेवले आहे : ‘गटाची वही मासिक बैठकीत सर्व सभासदांना पाहता येते. ज्या सभासदाला शंका असेल, तिने बैठकीत विचारावी.’ एवढेच, एकदाच. त्याखाली कोणी काहीही लिहिले तरी दुसरी ओळ नाही.

परवा तिचा आणखी एक स्क्रीनशॉट आला. या वेळी कुठेही कापलेला नव्हता, आणि खाली लिहिले होते : ‘हे वाचणार कोण, ते आधी बघते. मग तुला विचारते.’