वहीतले २३० डॉलर

न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दर मार्चमध्ये करांचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरतात. एका वर्षी ब्रोकरकडून आलेला १०९९-बी वाचता वाचता बायकोने विचारलं, "अरे, या शेअरमध्ये ४७० डॉलरचा तोटा दिसतोय. तू तर यातून पैसे येतायत म्हणत होतास ना?" माझ्या वहीत त्याच शेअरपुढे २३० डॉलर कमाई होती. वहीतला आकडाही खरा होता, पण मी वहीत फक्त प्रीमियम मांडत होतो.

शेअर ५२ डॉलरला असताना मी महिन्याच्या मुदतीचा, ५० स्ट्राइकचा एक पुट विकला. कॉन्ट्रॅक्ट १०० शेअरचं, म्हणून ५,००० डॉलर खात्यात बाजूला राहिले. प्रीमियम १२० मिळाला. मुदत संपली तेव्हा भाव ४१ होता. शेअर ५० ने घ्यावे लागले. प्रीमियम वजा जाता ते मला ४८.८० ला पडले.

आता कॉल विकायची पाळी. ५० च्या कॉलला सगळे मिळून १५ डॉलर येत होते. एवढ्यासाठी महिनाभर थांबायचं, हे मनाला पटेना. ४३ च्या कॉलला ११० येत होते, तो विकला. असे आणखी काही प्रीमियम आले की खड्डा भरेल, असा हिशेब होता. पण कंपनीचे तिमाही निकाल चांगले लागले, भाव ४९ वर गेला आणि माझे शेअर ४३ ला उचलले गेले. प्रीमियम धरून हाती आले ४४.१०. शेअरमागे ४.७० गेले. कॉल न विकता शेअर नुसते ठेवले असते, तर ४९ ला २० डॉलर वर असतो. घसरण पूर्ण माझ्या वाट्याला आली, चढण मात्र ४३ पर्यंतच.

शेअर धरून ४३ चा कॉल विकणं आणि ४३ चा पुट विकणं, यांत नफातोट्याचा आकार एकच असतो, हे मला नंतर उमगलं. म्हणजे कॉल विकून मी जुना तोटा दुरुस्त करत नव्हतो. खालच्या भावाला तोच सौदा पुन्हा मांडत होतो, आणि ५० ते ४३ मधला तोटा पक्का करायचं वचन देत होतो. खरेदीभावाच्या खाली कॉल न विकणं हाही पूर्ण इलाज नाही. मग प्रीमियम नगण्य येतो आणि ५,००० डॉलर महिनोन्‌महिने अडकतात.

आता वहीत दोन रकाने वाढवलेत: शेअरसकट खात्याची एकूण किंमत, आणि पहिल्या दिवशी ५२ ला शेअर घेऊन ठेवले असते तर आज काय असतं, ते. खरेदीपेक्षा फार खाली घसरलेल्या शेअरवर निकालांच्या आठवड्यात मी कॉल विकत नाही.