पाहुणे केळझरला पोहोचलेत

संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. वर्ध्यातलं सभागृह भरलेलं आणि मंचावरची मधली खुर्ची रिकामी. पडद्याआडून एका कार्यकर्त्यानं चिठ्ठी दिली : 'पाहुणे बुटीबोरीत.' नागपूरहून येणारा माणूस बुटीबोरीत आहे, म्हणजे अजून निदान पाऊण तास. पुढं केळझर, सेलू, पवनार आणि मग वर्धा. मी चिठ्ठी घडी करून कार्डांच्या गठ्ठ्याखाली सरकवली. पंचवीस वर्षं सूत्रसंचालन करतेय, तरी असल्या चिठ्ठीनं पोटात खड्डा पडतोच.

माझी संहिता पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर असते. एका कार्डावर एकच काम, आणि कोपऱ्यात ठळक आकडा, कारण दोरा न बांधलेली कार्डं एकदा वाऱ्यानं उडाली होती. माझ्या बोलण्याच्या गतीनं शंभर-सव्वाशे शब्दांना एक मिनिट लागतं. वक्त्याचा परिचय त्याहून लांबू देत नाही. पाहुण्यांचा दोन पानी बायोडाटा आला की मी आधी त्यांना फोन करते आणि काय सांगू नको ते विचारते. उत्तरं मजेदार येतात. एका कवींनी पुरस्कार गाळायला सांगितले, एका प्राध्यापकांनी वय. उरलेल्यातलं आजच्या विषयाला भिडणारं एखाद-दुसरं काम घेते आणि नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी घेतलं की टाळ्या तिथंच वाजतात आणि पुढची चार वाक्यं त्यात बुडतात. दुसरं काम म्हणजे खुर्च्या मोजणं. खुर्च्या सात आणि यादीत नावं आठ असली, तर तो घोळ पडदा उघडण्याआधी सोडवावा लागतो. सोडवला नाही, तर राहिलेला आठवा माणूस पुढची दहा वर्षं ओळख देत नाही.

पण खरी तयारी लागते ती न छापलेल्या वेळेची. दीपप्रज्वलनात वात पेटत नाही, कारण ती कोरडीच लावलेली असते किंवा डोक्यावर पंखा फिरत असतो. मी वाती अर्धा तास आधी तेलात भिजवून टोकाला कापराची पूड लावते. माइक किंचाळला तर गप्प बसायचं, आपणही त्याच्यावर ओरडायचं नाही. काही खंड तर आपले नसतातच. 2023 च्या फेब्रुवारीत इथं वर्ध्यात 96 वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा उद्घाटनात स्वतंत्र विदर्भाच्या घोषणा झाल्या. तो खंड सूत्रसंचालकानं चारोळीनं भरायचा नसतो.

उशिरा येणारा पाहुणा मात्र पूर्णपणे आपल्या पदरात. नवखे लोक अशा वेळी विनोद काढतात किंवा लांब गोष्ट सुरू करतात, आणि नेमकं शेवटाच्या आधी दार उघडतं. भरणीचा मजकूर कुठल्याही वाक्यावर तोडता यायला हवा, मागं काही लोंबकळत न ठेवता. म्हणून मी गावाजवळच्या माहितीचे सुटे तुकडे ठेवते.

त्या संध्याकाळी स्वागतगीत आणि प्रास्ताविक आधी घेतलं. त्यात वीस मिनिटं गेली. दुसरी चिठ्ठी आली, 'केळझर'. मी विनोबांच्या गीताईवर आले. आईला संस्कृत गीता कळेना, तूच का करत नाहीस मराठीत, असं ती म्हणाली होती. हा एक तुकडा. आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, 1930-31 मध्ये, इथं वर्ध्यातच ती लिहून झाली, हा दुसरा. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, हा तिसरा. प्रत्येकाचा शेवट वेगळा असल्यानं मध्येच थांबायची भीती नव्हती. मागच्या रांगेतली चुळबुळही थांबली.

तिसरी चिठ्ठी, 'सेलू'. आता पवनार घेतलं. धाम नदीकाठच्या आश्रमात विनोबा शेत खणत होते, तेव्हा कुदळ दगडाला लागली. "तो दगड उकरला तर—" मी म्हणाले आणि मागचं दार उघडलं. चौथी चिठ्ठी आलीच नव्हती, थेट पाहुणेच आले. मी तिथंच थांबले, सगळ्यांना उभं राहायला सांगितलं, आणि कार्यक्रम पुढं सरकला. भाषण उत्तम झालं. माझा नियम मात्र मीच मोडला होता.

आभारानंतर कार्डं आवरत होते. नऊवारीतल्या एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत मंचाशी आल्या.

"बाई, भाषण झालं जी बेस. पण त्या दगडाचं काय झालं?"

"मूर्ती निघाली, आजी. भरत-रामाच्या भेटीची. पवनारच्या आश्रमातच आहे."

"मंग तवाच का नाही सांगतलं?" म्हणाल्या, आणि चपला शोधायला वळल्या.