एका छायाचित्रावरून

‘सोबतच्या छायाचित्रातील मुलगी घेऊन, लहान मुलांच्या पुस्तकाला शोभेल असे एक सौम्य, गोड जलरंगचित्र काढ’ एवढाच एका ओळीचा हुकूम चित्रे काढणाऱ्या यंत्राला दिला, म्हणजे क्षणार्धात जे चित्र पडद्यावर उमटते ते पाहून कोणाही अनोळखी माणसाने मान डोलवावी. परंतु ज्या घरातील ती मुलगी असते त्या घरात मात्र ते चित्र बहुधा नामंजूर होते. माझ्या धाकट्या कन्येचे असे पहिले चित्र मी आईपुढे धरले, तेव्हा तिने चष्मा सावरून ते न्याहाळले आणि विचारले, “ही कोणाची रे मुलगी? आपल्याकडची दिसत नाही.” मुलीचे डोळे चेहऱ्याच्या मानाने दीडपट मोठे झाले होते, नाक आखूड झाले होते, गालांवर गुलाबी छटा चढली होती, वर्ण दोन पायऱ्या उजळला होता, आणि नुकताच पडलेला वरचा दात यंत्राने परस्पर परत बसवला होता. मागे रत्नागिरीच्या मांडवीचा किनारा मागितला होता. त्या ठिकाणी सोनेरी वाळू आणि निळसर पाचूच्या रंगाचा समुद्र आला होता. मांडवीची वाळू काळसर आहे, इतकी की त्या बाजूला गावात काळा समुद्रच म्हणतात. पण यंत्राच्या संग्रही असलेला सर्वसाधारण समुद्रकिनारा सोनेरी असतो, त्याला ते काय करणार?

या प्रमादाचे मूळ शोधू गेल्यास ते छायाचित्रात सापडत नाही, शब्दांत सापडते. अशी यंत्रे असंख्य चित्रे आणि त्यांखालचा मजकूर यांवर घडवलेली असतात, आणि ज्या चित्रांखाली ‘गोड’, ‘निरागस’, ‘सौम्य’ अशा अर्थाचे शब्द येतात त्यांतील मुले पुष्कळदा मोठ्या डोळ्यांची, छोट्या नाकाची आणि उजळ वर्णाची असतात. आपण दिलेले छायाचित्र एका बाजूने ओढते आणि ही विशेषणे दुसऱ्या बाजूने ओढतात. या ओढाताणीत चेहरा कोणा विशिष्ट मुलीचा न राहता सर्व पुस्तकांतील सर्व मुलींच्या सरासरीकडे सरकतो. म्हणून मला असे वाटू लागले आहे की चित्रात सौम्यपणा हवा असेल तर तो शब्द मुलीच्या जवळपासही लिहू नये. तो प्रकाशाला, कडांना, कागदाला आणि रंगांच्या पातळपणाला वाटून द्यावा, आणि मुलीविषयी लिहिताना एखाद्या पंचनाम्यात नोंदवावे तसे कोरडे तपशील नोंदवावेत.

स्वतःच्या अपत्याला जलरंगात उतरवण्याचा आपल्याकडील सर्वांत विख्यात दाखला सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचा. सावंतवाडीत 1882 साली जन्मलेल्या या चित्रकाराने हाताच्या ओंजळीआड दिव्याची ज्योत सांभाळणाऱ्या स्त्रीचे जे चित्र काढले, आणि जे आज म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहे, त्यासाठी खुद्द त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. अनेक लोक ते राजा रविवर्म्याचे तैलचित्र समजतात, हा त्या चित्रावरचा जुना अन्याय आहे. ते जलरंगात आहे, आणि बोटांच्या कडांतून पाझरणारा तांबूस उजेड त्या पातळ रंगांतच साधला आहे. मला येथे महत्त्वाचे वाटते ते इतकेच, की हळदणकरांसमोर कन्या सदेह उभी होती. मान थोडी वळव, हात किंचित खाली घे, असे त्यांना सांगता येत होते, आणि नाकाची उंची कळली नाही तर चार पावले बाजूला सरून पाहता येत होते. एका छायाचित्राच्या आधाराने चित्र मागणाऱ्याला ही सोय नसते. छायाचित्रात जी बाजू नाही ती यंत्र कल्पनेने भरते, आणि त्याची कल्पना म्हणजे पुन्हा तीच सरासरी.

तेव्हा छायाचित्राची निवड हा या कारभारातील निम्मा भाग होय. अगदी समोरून काढलेल्या चित्रात नाकाचा उठाव कळत नाही, आणि पूर्ण बाजूने काढलेल्यात दुसरा डोळा लपतो. त्यामुळे मान जराशी वळलेली, दोन्ही डोळे दिसणारी मुद्रा उत्तम. फोन तोंडाजवळ धरला तर नाक फुगते आणि कान मागे जातात, म्हणून सहा-सात फूट मागे सरून, हवे तर थोडे जवळ ओढून, छायाचित्र घ्यावे. त्वचा गुळगुळीत करणारी फोनची खुबी आधी बंद करावी, कारण ती वर्णही उजळवते. प्रकाश पसरलेला असावा. आषाढातील ढगाळ दुपारी आमच्या पडवीत जो मिळतो त्याहून चांगला मी पाहिलेला नाही. आणि एक गोष्ट फार थोडे लोक ध्यानात घेतात: मुलगी हसत असलेले छायाचित्र आईबापांना प्रिय असले तरी या कामाला ते गैरसोयीचे असते. ते हास्य ठशासारखे पानोपानी उमटते. गोष्टीत ती रडत असो, झोपलेली असो, दात दिसतातच. शांत, मिटल्या ओठांचा चेहरा द्यावा आणि हसू लागेल तेथे शब्दांनी मागावे.

कपड्यांचेही तसेच. छायाचित्रातील झग्यावर छापलेले मांजर निरोप दिल्याशिवाय जात नाही, म्हणून पुस्तकातील पोशाख स्वतंत्र लिहावा लागतो. स्थळाविषयी तर विशेष सावध राहावे. ‘कोकणातील घर’ म्हटल्याने यंत्राला कळेल अशी खात्री नाही. ‘जांभा’ म्हटल्यास कधी विटांची भिंत येते. वस्तूचे नाव द्यावे आणि लागलीच ती दिसते कशी हे साध्या शब्दांत सांगावे, हा शिरस्ता बरा. काही यंत्रांना इंग्रजीच अधिक उमजते, परंतु जी यंत्रे मोठ्या भाषाप्रणालीवर उभी आहेत ती मराठी मजकूर नीट वाचतात. मांडवीच्या पानासाठी अखेर जो प्रॉम्प्ट ठरला तो असा:

```
सोबतच्या छायाचित्रातील हीच मुलगी, वय 6. चेहऱ्याची ठेवण,
डोळ्यांचा आकार, भुवया, कान छायाचित्राप्रमाणे; डोळे मोठे करू नका.
वर्ण सावळा, छायाचित्राइतकाच: यलो ऑकर व बर्न्ट सायना,
सावलीत थोडा निळा. वरचा पुढचा एक दात नाही. तोंड किंचित उघडे,
नजर वाळूकडे. कपडे छायाचित्रातील नकोत: फिका पिवळा झगा, अनवाणी.
स्थळ: ओली, काळसर राखाडी वाळू, पावसाळी समुद्र, नारळीची झाडे दूर.
पारदर्शक जलरंग, खरखरीत कागद, पेन्सिलची रेघ दिसू द्या. आकाश ओल्या
कागदावर, चेहरा कोरड्यावर. पांढरे ते कोऱ्या कागदाचेच.
काळी बाह्यरेषा, शिंतोडे, अक्षरे नकोत.
आडवे पान; मुलगी उजवीकडे खाली, डावा अर्धा भाग मोकळा.
```

यातील रंगांची नावे हौसेखातर घातलेली नाहीत. ‘सावळा’ एवढेच लिहिले तर यंत्र त्याला आपल्या समजुतीचा रंग देते. चित्रकाराच्या पेटीतील दोन रंगांची नावे घेतली, की वर्ण बहुधा त्या दोन रंगांच्या मर्यादेत राहतो आणि सावलीत मळकट होत नाही. आकाश ओल्या कागदावर आणि चेहरा कोरड्यावर, या एका वाक्यात साऱ्या सौम्यपणाची तजवीज झालेली आहे. ओल्या कागदावर रंग पसरून कडा विरतात आणि कोरड्यावर त्या राहतात, त्यामुळे ढग व समुद्र एकमेकांत मिसळतात, पण भुवईचे वळण शाबूत राहते. यंत्राचा नकली जलरंग ओळखण्याची खूणही येथेच आहे. त्यात सर्वत्र सारखाच धूसरपणा असतो, कडेला रंगाचे शिंतोडे शोभेसाठी उडवलेले असतात, आणि डोळ्यांतील चमक वरून लावलेल्या जाड पांढऱ्या ठिपक्याची असते. खऱ्या जलरंगात ती जागा चित्रकाराने बहुधा आधीपासून कोरी राखलेली असते. मुलगी उजवीकडे आणि डावा भाग मोकळा, हे गोष्टीच्या मजकुरासाठी तर आहेच, शिवाय दोन पानांवर पसरलेल्या चित्रात चेहरा मधल्या शिवणीत सापडू नये म्हणूनही आहे.

एक चित्र जमले म्हणजे पुस्तक जमले असे होत नाही. दुसऱ्या पानासाठी पहिले चित्र नमुना म्हणून द्यावे, तिसऱ्यासाठी दुसरे, हा मोह स्वाभाविक असतो. परंतु नकलेवरून नक्कल करताना जुन्या दप्तरांतील लेखनिकांकडून जसा मजकूर हळूहळू ढळत जाई, तसा चेहराही ढळतो आणि पाच-सहा पानांत मुलगी नऊ वर्षांची दिसू लागते. यावर उपाय म्हणजे आरंभीच एका कागदावर तिची समोरची, अर्धवट वळलेली आणि बाजूची अशी तीन मस्तके काढवून घेणे, ती घरातील माणसांकडून तपासून घेणे, आणि पुढे प्रत्येक पानासाठी तो कागद व मूळ छायाचित्र अशी दोन्ही पुन्हा जोडणे. बाजूची मुद्रा हीच सर्वांत संशयास्पद, कारण तिला छायाचित्रात आधारच नसतो. तेथे मुलीला समोर बसवून पडताळणे प्राप्त आहे. निदान एवढ्यापुरते तरी आपण हळदणकरांच्या जागी जाऊन बसतो. साम्य पारखण्यासाठी चित्र लहान करून टपाल तिकिटाएवढे पाहावे, म्हणजे केसांची व झग्याची भूल उतरते आणि डोळे-भुवया-हनुवटी यांचा मेळ तेवढा उरतो.

छायाचित्र यंत्राकडे सोपवताना ते परक्या कोणाच्या तरी संगणकावर जाते, हेही विसरून चालत नाही. शाळेचा बिल्ला, घराचा क्रमांक, मागे उभी असलेली शेजारची मुले ही कापून टाकावीत, आणि छायाचित्राच्या पोटात दडलेली स्थळकाळाची नोंद पुसावी. ज्या सेवेच्या शर्तींत दिलेली चित्रे यंत्राच्या शिक्षणासाठी वापरू असे म्हटले असेल, तेथे तो पर्याय बंद करता येत नसल्यास ती सेवा सोडावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 साली झालेल्या कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून तिची माहिती हाताळण्यापूर्वी पालकाची संमती घेण्याची सक्ती सेवा देणाऱ्यांवर केली आहे. म्हणजे कन्येच्या चेहऱ्याचे मुखत्यारपत्र तूर्तास माझ्याकडे आहे. ते मी वापरतो, पण बेताने: तीन मस्तकांचा कागद कोणाला पाठवत नाही, आणि पुस्तकाच्या प्रती घरच्याघरी वाटण्यापुरत्याच छापायच्या असे ठरवले आहे.

चेहऱ्याविषयी आमच्या घरात इतका खल झाला, पण जिचा तो चेहरा तिने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. मांडवीचे पान छापून हाती दिले तेव्हा तिने स्वतःकडे एकवार पाहिले, पडलेला दात आहे की नाही याची खात्री केली, आणि मग यंत्राने वाळूवर परस्पर काढलेल्या खेकड्याकडे वळली. त्या खेकड्याचे पाय तिने बोट ठेवून मोजले. नांग्या दोन होत्या, परंतु चालण्याचे पाय एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच भरले. “बाबा, याला चार-चार हवेत,” ती म्हणाली. नंतर पायांची संख्या प्रॉम्प्टमध्ये नमूद करूनही यंत्र त्या बाबतीत बेभरवशाचेच राहिले, म्हणून आता खेकड्याची जागा मोकळी ठेवण्यास त्याला सांगितले आहे. खेकडा ती स्वतः रंगवणार आहे, आणि नांगी शेंदरी असावी की करडी यावर आजीशी तिचा वाद चालू आहे.