गाडी निघे सांजला

आई-बाबांच्या लग्नाला यंदा पन्नास वर्षं पूर्ण झाली. लग्न झालं काचीगुड्याला, आईच्या माहेरच्या अंगणात, १९७६ साली. बाबांचं वऱ्हाड परभणीहून मीटरगेजच्या गाडीने गेलं होतं. त्या प्रवासाची एकच गोष्ट आम्हा भावंडांना पाठ आहे. बाबांचे काका दाढी करत बसले, वऱ्हाड स्टेशनवर धावत पोचलं, आणि नवरदेव अर्धे आत, अर्धे बाहेर असताना गाडी हलली. त्या दिवसापासून बाबा कुठल्याही गाडीला दोन-तीन तास आधी जातात. निवृत्तीनंतर दोघं काचीगुड्यालाच स्थायिक झाले, आणि स्टेशन घरापासून चालत दहा मिनिटांवर आलं. तरीही त्यांची वेळ बदलली नाही.

आम्ही तिघं निघालो ते त्याच लोहमार्गाने. मी संभाजीनगरची. धाकटा पुण्याहून माझ्याकडे आला, आणि ताई मध्यरात्रीनंतर परभणीला चढणार होती. आमचं काम एकच होतं. दोघांसाठी शुभेच्छा लिहायच्या, आणि त्या सगळ्यांसमोर वाचायच्या.

धाकट्याने मजकूर मोबाईलवर तयारच आणला होता. ‘तुमचं प्रेम असंच बहरत राहो, तुमची साथ जन्मोजन्मी लाभो’, पुढे दोन दिवे आणि एक केक. मी वाचला आणि म्हटलं, “हा शेजारच्या जोशीकाकूंनाही चालेल.” तो म्हणाला, “मग वाईट काय?” वाईट तेच. ज्या मजकुरातली नावं बदलली तरी काही बिघडत नाही, तो त्या दोघांना लिहिलेला नसतोच.

जालना मागे पडल्यावर मला ट्रंकेतल्या कागदाची आठवण झाली. आईच्या मामांनी या लग्नासाठी मंगलाष्टकं रचून छापून घेतली होती. गुलाबी कागद, कोपऱ्यात गणपती, खाली रचणाऱ्याचं नाव. पूर्वी लग्नघरी अशी पत्रकं वाटायची पद्धतच होती, आणि नवरा-नवरी, आई-वडील, आजोळ यांची नावं वृत्तात बसवताना कवीची त्रेधा उडायची. आमच्या बाबांचं नाव काही बसेना, म्हणून मामांनी त्याला मागे-पुढे शेपटं लावली. बाबा अजून म्हणतात, “माझं लग्न झालंच नाही, त्या नावाच्या दुसऱ्या माणसाचं झालं.”

“आपणही मंगलाष्टक करू,” मी म्हटलं. “मजकूर आपला, चाल तीच.”

धाकट्याने तोंड वेंगाडलं, पण समोरच्या बाकावर जालन्याला चढलेले एक निवृत्त शिक्षक खुदकन हसले. नांदेडला उतरायचं होतं त्यांना. म्हणाले, “शार्दूलविक्रीडित येतं का?” मी शाळेत घोकलं होतं ते सांगितलं: म, स, ज, स, त, त, ग. एका ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबायचं, मग उरलेली सात. ते म्हणाले, “गणांनी घाबरू नका. मंगलाष्टकाच्या चालीवर म्हणा. चाल जिथे अडखळेल तिथे चूक आहे, आणि अडखळलं नाही तर हिशेब करायची गरज नाही.”

पहिली ओळ मी आईच्या रोजच्या कामावर धरली. बाबांचा चष्मा हरवतो. तो कपाळावर असतो, फ्रिजवर असतो, एकदा तांदळाच्या डब्यातही सापडला. आणि तो नेहमी आईलाच सापडतो. मी लिहिलं, ‘बाबांचा चष्मा आई रोज शोधते’. म्हणून पाहिलं तर चाल दुसऱ्या शब्दालाच ठेच लागून पडली. गुरुजींनी कागद ओढला. “हे बघा, तुमची पहिली तीन अक्षरं गुरू आहेत, ठीक. चौथं आणि पाचवं लघू पाहिजे. तुम्ही तिथे ‘चष्मा’ आणलात. मागून जोडाक्षर आलं की ‘च’ जड होतो, आणि ‘ष्मा’ तर जडच. चष्मा ओळीच्या शेवटच्या सातात टाका, तिथे दोन जड अक्षरांना जागा आहे.”

मी आईला पुढे आणलं, चष्म्याला मागे ढकललं:

आईने दररोज शोधुन दिला, बाबांस चष्मा पुन्हा

धाकट्याने लगेच हरकत घेतली, की ‘पुन्हा’मध्ये जोडाक्षर आहे, मग ‘पु’ जड नाही का? गुरुजींना हा प्रश्न फार आवडला. म्हणाले, “मराठीत ‘न्हा’, ‘म्हा’ हे जोराने आदळत नाहीत. ‘पुन्हा’ म्हणून बघा, ‘पु’वर जीभ थांबत नाही. ‘चष्मा’ म्हणा, थांबते.” आम्ही दोघं रात्री बारा वाजता ‘पुन्हा, चष्मा, पुन्हा, चष्मा’ म्हणत बसलो. वरच्या बर्थवरून आवाज आला, “सापडला का हो एकदाचा?”

परभणीला ताई चढली. तिला ओळ ऐकवली. ती हसली आणि लगेच म्हणाली, “आईचंच का? बाबांचं स्टेशन कुठंय?” बरोबर होतं. पन्नास वर्षांच्या संसारात एकाच माणसाच्या खोड्या काढल्या तर ते तक्रारपत्र वाटतं. दुसरी ओळ ताईची:

बाबा स्टेशनि पोचले उठुनिया, गाडी निघे सांजला

‘स्टेशनी’चा ‘नी’ ऱ्हस्व करावा लागला. गुरुजी म्हणाले, कवीला इतकी मोकळीक असते, पण एका ओळीत एकदाच घ्या, नाहीतर वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. पूर्णा गेलं, नांदेड आलं, आणि ते पिशवी उचलून उतरले. जाताना खिडकीशी थांबून एवढंच म्हणाले, “नावं घालू नका. खोड्या पुरेशा आहेत, माणसं ओळखू येतात.”

तिसरी ओळ मला सर्वांत जड गेली. दोघांचं मिळून काहीतरी हवं होतं. आई हैदराबादेत वाढलेली. तिच्या माहेरी डाळ म्हणजे चिंचेची खट्टी दाल. बाबा परभणीचे, वरणात गुळाचा खडा नसेल तर ते ताटाकडे अशा नजरेने बघतात की जणू कुणीतरी पत्त्यात पिनकोड घालायचा विसरलं आहे. पोस्टात गेलं सगळं आयुष्य. पहिली काही वर्षं घरात दोन पातेली व्हायची. मग कधीतरी एकच पातेलं झालं, आणि त्यात चिंचही होती, गूळही होता. कोण कधी नमलं हे कुणालाच आठवत नाही. धर्माबाद गेलं, मराठी पाट्या संपल्या. बासरला गोदावरीचा पूल लागला तेव्हा ताईने अर्धवट झोपेत हात जोडले. निजामाबादच्या अलीकडे ओळ जमली:

चिंचेला गुळ भेटला मग कुठे, आली रुची ह्या घरा

चौथ्या ओळीचा शेवट परंपरेने ठरलेला असतो. ती सात अक्षरं आयती मिळतात, म्हणून कवी सुटकेचा श्वास टाकतात. पण सुटकेचा श्वास आम्हाला नको होता. धाकटा, ज्याने सुरुवातीला तोंड वेंगाडलं होतं, तो बोटं मोजत म्हणाला:

पन्नाशी तुमची अशीच बहरो, चष्मा मिळो लौकरी

त्याच्या मोबाईलवरच्या मजकुरातलं ‘बहरत’ तेवढं ‘बहरो’ होऊन वाचलं. ते वृत्तात बसतं म्हणून.

सकाळी मलकाजगिरीनंतर सीताफळमंडी, विद्यानगर अशी छोटी स्टेशनं गेली आणि काचीगुडा आलं. हे स्टेशन १९१६ सालचं, निजामाच्या रेल्वेचं मुख्यालय होतं ते. मधला मोठा घुमट, बाजूचे लहान घुमट आणि मिनार बघितले की स्टेशनापेक्षा एखाद्या नवाबाच्या वाड्यात उतरल्यासारखं वाटतं. नवाब फलाटावर उभेच होते. आम्ही रिक्षाने येतो, असं फोनवर तीनदा सांगितलं होतं. “कधी आलात बाबा?” “आत्ताच,” ते म्हणाले. चहावाल्याने मान डोलावली, “पाच बजे से बैठे हैं साब.” चष्मा कपाळावर होता.

घरी जाताना चौरस्त्यावर इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं झाली. आईने दारातच विचारलं, “लिहून आणलं का काही? नाहीतर ते केकवालं फॉरवर्ड वाचू नका. मला सकाळपासून चौदा आलेत.” धाकटा चपला काढण्यात फार वेळ गुंतला.

संध्याकाळी विवेकवर्धिनीतल्या आईच्या वर्गमैत्रिणी, शेजारचे, बाबांचे दोन पोस्टातले मित्र जमले. आम्ही तिघांनी चाल लावून म्हटलं. चष्म्याला हशा पिकला, स्टेशनला बाबांचे मित्र टाळ्या पिटत उठले. चिंच-गुळाला मात्र खोली शांत झाली, आणि आईने पदराची किनार उगाच दोनदा सारखी केली. मग ती म्हणाली, “हे सगळं ठीक. पण ‘तुमची’ कुणाची? मला कधीपासून तुम्ही-आम्ही व्हायला लागलं?”

ही अडचण मी धरूनच चालले होते. आम्ही आईला ‘तू’ म्हणतो आणि बाबांना ‘तुम्ही’. दोघांना एकत्र लिहायचं तर मराठीत ‘तुम्ही’शिवाय गत्यंतर नाही, आणि मग आईला परक्यासारखं वाटतं. मी म्हटलं, “आई, हे आदराचं नाही, दोघांचं आहे.” “हौ, ते मला कळतं,” आई खास काचीगुडी सुरात म्हणाली, “पण पुढच्या वेळी एक ओळ माझ्या एकटीची करा, ‘तू’ घालून.”

बाबांनी कागद मागून घेतला. कपाळावरचा चष्मा आईने खाली ओढून दिला. ते बोटांवर अक्षरं मोजू लागले. “एकोणीस आहेत,” ते म्हणाले, “पण दुसरी ओळ खोटी आहे. मी उठून लगेच कधीच गेलो नाही. जेवून जातो.” ताईने विचारलं, बदलू का? “बदलून बघ,” ते म्हणाले. तिने बराच प्रयत्न केला. ‘उठुनिया’च्या जागी ‘जेवून’ काही बसलं नाही, कारण पहिलंच अक्षर जड. बाबांनी मान हलवली. “राहू दे. मामांनी तर माझं नाव बदललं होतं, तुम्ही जेवण गाळलंत.” कागद त्यांनी घडी करून गुलाबी पत्रकाच्या शेजारी ट्रंकेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी संध्याकाळची होती. दुपारी आम्ही वरण-भातावर बसलो तर बाबा दारात पिशवी घेऊन उभे. आम्हाला सोडायला आईही आली. घुमटाखालच्या बाकावर पाच जण बसलो, आईने डब्यातून चिंचगुळाची आमटी-पोळी काढली, आणि गाडी सुटायला अजून दोन तास चाळीस मिनिटं होती.